दुबईच्या नोकरीसाठी पदवीचं अटेस्टेशन: मागे दोन शिक्के आहेत, तरी कागद परत आला

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळच्या गावचा. २०१४ साली शिवाजी विद्यापीठातून मेकॅनिकलचा बी.ई. झालो. आता दुबईतल्या एका कंपनीत मेंटेनन्स प्लॅनरची नोकरी ठरली आहे. ऑफर लेटर हातात आहे आणि कंपनीने सहा आठवड्यांत पदवीचं प्रमाणपत्र अटेस्ट करून मागितलं आहे.

मला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून एका एजंटाकडे मूळ पदवी आणि चौदा हजार रुपये दिले. दोन आठवड्यांनी पदवी परत आली. मागच्या बाजूला दोन शिक्के आहेत. एकावर दिल्लीच्या सब-डिव्हिजनल मॅजिस्ट्रेटचं नाव आहे, त्याच्या खाली परराष्ट्र मंत्रालयाचा. एजंट म्हणाला, भारतातलं काम संपलं, आता फक्त यूएईच्या वकिलातीचा शिक्का बाकी. तिथे कागद दिला तर घेतलाच नाही. "राज्य शासनाचं अटेस्टेशन नाही" एवढंच सांगितलं. एजंट आता फोन उचलत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का खरा असेल तर वकिलातीला अडचण काय? आणि आता पहिल्यापासून सगळं करायचं म्हणजे नेमकं कुठून सुरू करू? साडेतीन आठवडे उरले आहेत.

गिरणगाव

मित्रा, घाबरू नकोस. माझ्या भावाचंही असंच झालं होतं. आधी पदवीची झेरॉक्स नोटरी करून घे, मग ती परराष्ट्र मंत्रालयात दे, होऊन जातं. दिल्लीच्या एसडीएमचा शिक्का चालतो, भावाचा चालला. तो ओमानला गेला. मला वाटतं वकिलातीत तुला कोणीतरी नवखा माणूस भेटला असणार. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बघ.

लातूर७२

कृष्णाकाठ, तुमच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा शेरा, आहे का ते आधी बघा. आखातात जाताना आमच्या गावच्या पोरांना विमानतळावर यावरून अडवलं होतं. दहावी पास असेल तर ईसीएनआर मिळतं. माझा सल्ला आहे की दहावीचं प्रमाणपत्र घेऊन पासपोर्ट ऑफिसात जा.

खाडीवारा

मी अबूधाबीत एका बांधकाम कंपनीच्या एचआरमध्ये तेरा वर्षं आहे. नवीन माणसांची कागदपत्रं माझ्याच टेबलावर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी लातूर७२ यांना: तुम्ही सांगता ते खरं आहे, पण ती वेगळी गोष्ट. ते एमिग्रेशनचं काम, पासपोर्टशी संबंधित. बी.ई. झालेल्या माणसाला ते सहसा आड येत नाही. इथे प्रश्न पदवीच्या कागदाचा आहे.

गिरणगाव, तुमच्या भावाचं झालं यात शंका नाही, पण ओमान आणि यूएई यांत मोठा फरक आहे. ओमान २०१२ पासून हेगच्या अपॉस्टिल करारात आहे, बहरीन २०१३ च्या अखेरीस आला, सौदी डिसेंबर २०२२ मध्ये. या देशांसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने अपॉस्टिलचं स्टिकर लावलं की साखळी तिथेच संपते, त्या देशाच्या वकिलातीत जावं लागत नाही. यूएई, कतार आणि कुवेत हे करारात नाहीत. तिथे वकिलात स्वतः कागद पाहते आणि मग पटला तरच शिक्का देते. म्हणून भावाच्या वाटेवर जी वकिलात नव्हतीच ती कृष्णाकाठच्या वाटेवर उभी आहे. उद्या परत गेलं तरी उत्तर तेच येईल.

आता मुख्य मुद्दा, कारण कागद का परत आला हे कळलं नाही तर पुढच्या वेळीही कोणीतरी फसवेल. परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का तुमची पदवी खरी आहे असं सांगत नाही. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की त्याच्या वर ज्याची सही आहे तो अधिकारी खरा आणि त्याची सही आमच्याकडच्या नमुन्याशी जुळते. म्हणजे प्रत्येक जण आपल्या आधीच्या माणसाची फक्त ओळख पटवतो. तुमच्या पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाने एसडीएमची सही ओळखली. ती खरीच आहे. पण एसडीएमने पदवी कुणाला विचारून सही केली? कोल्हापूरच्या विद्यापीठात कुणीही विचारलेलं नाही. साखळीची खालची कडी विद्यापीठाला बांधलेलीच नाही. वकिलातीला तेच हवं असतं.

यूएईसाठी शिक्षणाच्या कागदाची वाट अशी: प्रथम विद्यापीठाकडून पडताळणी, मग ज्या राज्यात विद्यापीठ आहे त्या राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का, ज्याला सगळे एचआरडी म्हणतात, मग परराष्ट्र मंत्रालय, मग भारतातली यूएईची वकिलात, आणि शेवटी इकडे आल्यावर यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, ज्याला इथे मोफा म्हणतात. मोफाचे १५० दिरहम प्रत्येक कागदाला. तो भाग बहुतेक कंपनी करते, पण विचारून घ्या.

सदाफुली

खाडीवारा, एक विचारते. मी मूळची कोल्हापूरची, पण बी.एड. बेळगावला, कर्नाटकातल्या विद्यापीठातून केलं. आता पुण्यात राहते. शारजाच्या एका शाळेत बोलणी चालू आहेत. मग मी मंत्रालयात मुंबईला जायचं का?

खाडीवारा

नाही ताई. तुम्ही कुठे राहता याला इथे महत्त्व नाही. पदवी ज्या राज्यातली, शिक्का त्या राज्याचा. बेळगावच्या पदवीला कर्नाटक शासन. माझ्याकडे असेही लोक येतात ज्यांचा बी.एस्सी. महाराष्ट्राचा आणि एम.एस्सी. गोव्याचा. त्यांना दोन राज्यांतून दोन वेगळ्या वाटांनी यावं लागतं, आणि परराष्ट्र मंत्रालयात दोन्ही एकत्र होतात.

शिक्षकांसाठी अजून एक पायरी असते. यूएईच्या शिक्षण खात्याकडून पदवीची समकक्षता घ्यावी लागते. ती अटेस्टेशनच्या नंतरची. त्यासाठी गुणपत्रिकाही लागतात, म्हणून पदवीबरोबर त्याही नीट ठेवा. शाळेकडून आत्ताच लेखी यादी मागवा.

नाना_ठाणे

मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तीस वर्षं होतो, आता निवृत्त आहे. खाडीवारांनी पुढची वाट सांगितली, मी पहिल्या पायरीबद्दल सांगतो. लोक सगळ्यात जास्त अडकतात ते इथेच.

कृष्णाकाठ, पहिला प्रश्न: तुमच्याकडे जे आहे ते पदवी प्रमाणपत्रच आहे ना? दीक्षांत समारंभानंतर मिळतं ते, कुलगुरूंच्या सहीचं? अनेक मुलं प्रोव्हिजनल सर्टिफिकेट म्हणजेच पदवी असं समजून वर्षानुवर्षं फिरतात. दीक्षांताचा अर्जच भरलेला नसतो. वकिलात प्रोव्हिजनल घेत नाही. मग आधी पदवीसाठी अर्ज करावा लागतो आणि त्यात वेळ जातो.

दुसरं. विद्यापीठाची पडताळणी म्हणजे कॉलेजच्या प्राचार्यांची सही नव्हे. मुलं प्राचार्यांकडून ट्रू कॉपीचा शिक्का मारून घेतात आणि तेच घेऊन मुंबईला जातात. प्राचार्यांच्या सहीला तिथे काही किंमत नाही, कारण पदवी त्यांनी दिलेली नाही. विद्यापीठात परीक्षा विभागात अर्ज द्यायचा, शुल्क भरायचं. तिथले लोक तुमचा बैठक क्रमांक आणि वर्ष घेऊन लेजर काढतात, गुण आणि निकाल जुळवतात, मग अधिकारी सही करतो. कुठे पदवीच्या मागे सही-शिक्का देतात, कुठे वेगळं पत्र देतात. विद्यापीठागणिक पद्धत निराळी आहे, तेव्हा फोन करून विचारा. सही कुणाची हेही विचारा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानंतर परीक्षा नियंत्रक हे पद जाऊन परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आले. सही कुलसचिवांची असो वा संचालकांची, त्या सहीचा नमुना पुढे शासनाकडे असला पाहिजे. खालच्या कुठल्या कारकुनाने किंवा सहायकाने सही केलेला कागद मुंबईतून परत येतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसरं, एटीकेटी. २०१४ च्या बॅचच्या मुलांना हे नक्की सांगतो. एखाद्या विषयात राहिला असाल, पुढच्या परीक्षेत सुटला असाल, तर त्या प्रयत्नाची गुणपत्रिकाही जोडा. नुसत्या पास झालेल्या सेमिस्टरच्या आठ गुणपत्रिका दिल्या आणि लेजरमध्ये अजून दोन प्रयत्न दिसले, की कागद थांबतो. आपण काही लपवलंय असा विभागाचा समज होतो, जरी तसं नसलं तरी.

कृष्णाकाठ

नाना, खूप आभार. पदवी प्रमाणपत्रच आहे. दीक्षांताला बाबांबरोबर गेलो होतो, ते चांगलं आठवतं. पण तुम्ही एटीकेटी म्हणालात आणि मी लगेच कपाट उघडलं. तिसऱ्या वर्षाला एक विषय राहिला होता, त्याची दुसरी गुणपत्रिका मिळत नाहीये. बाकी सगळ्या आहेत.

दुसरी शंका: पदवीच्या मागे आधीच एसडीएम आणि परराष्ट्र मंत्रालय यांचे शिक्के आहेत. आता विद्यापीठ त्याच बाजूला सही देईल का? आणि जुने शिक्के खोडायचे का?

नाना_ठाणे

खोडू नका. हात लावू नका. खाडाखोड दिसली की पुढचा प्रत्येक माणूस हात मागे घेतो. शिक्के खरे आहेत, फक्त उपयोगाचे नाहीत. त्यांच्या बाजूला किंवा खाली जागा असेल तर विद्यापीठ नवी पडताळणी देऊ शकतं, नाहीतर वेगळ्या पत्रावर देईल. तुम्ही जाताना पदवीची मागची बाजू त्यांना दाखवूनच अर्ज करा, म्हणजे नंतर प्रश्न नको.

हरवलेल्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत परीक्षा विभागातूनच मिळते. तिथे पोलिसांत हरवल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र मागतात. हे दोन कागद आजच करून ठेवा, म्हणजे कोल्हापूरला एकाच फेरीत दोन्ही अर्ज देता येतील. शिवाजी विद्यापीठात मी काम केलेलं नाही, त्यामुळे तिथली खिडकी कोणती ते सांगू शकत नाही.

मोगरा_नाशिक

सगळं वाचून मला घाम फुटला. माझी बहीण बी.एस्सी. नर्सिंग आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. दुबईसाठी तिथल्या आरोग्य खात्याची, डीएचएची, परीक्षा पास झाली आणि डेटाफ्लो या पडताळणी कंपनीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. एजन्सी म्हणते की आता अटेस्टेशनही करा. डेटाफ्लोने विद्यापीठाला विचारून पडताळणी केलीच आहे ना? मग दुसऱ्यांदा पैसे का?

खाडीवारा

ताई, हा प्रश्न मला महिन्यात दोनदा ऐकू येतो, आणि तुमचा राग बरोबर आहे. पण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या टेबलांसाठी आहेत.

डेटाफ्लो थेट विद्यापीठाला, नर्सिंग कौन्सिलला आणि जुन्या रुग्णालयाला विचारतं आणि उत्तर परवाना देणाऱ्या खात्याला पाठवतं. तो रिपोर्ट परवान्यासाठी. तुमच्या बहिणीच्या पदवीच्या कागदावर त्यामुळे एकही शिक्का येत नाही. व्हिसा आणि वर्क परमिटच्या फायलीत मात्र शिक्क्यांचा मूळ कागद लागतो. त्यांना डेटाफ्लोशी देणंघेणं नसतं. त्यामुळे एजन्सी चुकीचं सांगत नाहीये. मात्र कोणते कागद, नुसती पदवी की कौन्सिलच्या नोंदणीचं प्रमाणपत्रसुद्धा, हे मालकाकडून लेखी घ्या. प्रत्येक कागदाला वेगळे पैसे पडतात आणि काही एजन्सी गरज नसलेले चार कागद घुसवतात.

गिरणगाव

खाडीवारा, माझी चूक मान्य आहे. ओमानचा नियम यूएईला लागत नाही हे कळलं. पण नोटरीचं काय? बऱ्याच ठिकाणी नोटरी करायला सांगतात.

खाडीवारा

बरोबर, काही ठिकाणी नोटरी मागतात. पण ती पहिल्या पायरीच्या जागी येऊ शकत नाही. नोटरी सांगतो की ही झेरॉक्स मूळ कागदाशी जुळते. मूळ कागद खोटा असेल तर खोट्याची हुबेहूब झेरॉक्स मिळते. यूएईसाठी शिक्के मूळ पदवीवरच लागतात. झेरॉक्सवर शिक्के घेऊन आलेल्या तिघांना मी या वर्षी परत पाठवलं. फार वाईट वाटलं, कारण त्यातल्या एकाने आईचे दागिने ठेवून पैसे उभे केले होते.

पुणेरी_वाट

माझा मुलगा जर्मनीत नोकरीसाठी चालला आहे. युरोप आहे म्हणजे अपॉस्टिल, असं मी गृहीत धरलं होतं. हेच बरोबर ना?

खाडीवारा

तिथे थांबा. भारत अपॉस्टिल करारात २००५ पासून आहे, पण करारात आलेल्या नव्या देशाला जुना सदस्य हरकत घेऊ शकतो, आणि मग त्या दोघांमध्ये तो करार लागू होत नाही. जर्मनीने भारताबाबत अशी हरकत घेतली होती. म्हणून नुसतं दोन्ही देश यादीत आहेत हे पाहून चालत नाही. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर देशवार तक्ता आहे, त्यात भारत आणि जर्मनी ही जोडी बघा. शिवाय जर्मनीत बहुतेक पदवीची मान्यता अनाबिन या तिथल्या डेटाबेसमध्ये आणि झॅब या कार्यालयाकडून पाहतात. मुलाच्या मालकाला आणि दूतावासाला नेमकं काय हवंय ते विचारल्याशिवाय एकही रुपया खर्च करू नका.

पुणेरी_वाट

बरं झालं विचारलं. एका दुकानात अपॉस्टिलचे पैसे उद्या देणार होतो. थांबतो.

कृष्णाकाठ

दोन आठवड्यांनी लिहितोय. सांगतो काय झालं ते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कोल्हापूरला गेलो. गुणपत्रिका हरवल्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र आधीच केलं होतं. दोन्ही अर्ज एकाच दिवशी दिले. परीक्षा विभागातल्या एका बाईंनी तिथेच सांगितलं की २०१४ ची पदवी असली तरी माझी पहिल्या वर्षाची परीक्षा जुन्या पॅटर्नची होती, त्यामुळे लेजर वेगळ्या ठिकाणी शोधावं लागेल. सात कामाचे दिवस लागले. दुय्यम गुणपत्रिका त्याच वेळी मिळाली. पदवीच्या मागे जागा होती, शिक्क्यांच्या डाव्या बाजूला विद्यापीठाने सही-शिक्का दिला.

मग मुंबई. उच्च व तंत्रशिक्षण विभाग मंत्रालयातच आहे. मूळ पदवी, सगळ्या गुणपत्रिका, पासपोर्टची प्रत दिली. तिथल्या अधिकाऱ्याने आधी जुने शिक्के पाहिले आणि हे कोणी केलं, असं विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी काही बोल लावला नाही, पण म्हणाले की असे कागद आठवड्याला येतात. पदवी चौथ्या दिवशी मिळाली.

परराष्ट्र मंत्रालयात थेट जाता येत नाही. त्यांनी नेमलेल्या एजन्सीच्या केंद्रात जमा करायची. पूर्वी हे काम दिल्लीतच व्हायचं, आता मुंबईतही होतं. माझ्यासारख्या साध्या अटेस्टेशनला मंत्रालयाचं शुल्क नाही, अपॉस्टिलला ५० रुपये असतात, आणि केंद्राचा स्वतःचा थोडा आकार. मला बसला धक्का तो इथे. मी एजंटला चौदा हजार दिले होते.

आता कागद यूएईच्या वकिलातीच्या केंद्रात आहे.

सदाफुली

छान झालं! नावाचं काय केलंत? माझ्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

कृष्णाकाठ

माझ्या पदवीवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर शेवटी, पण तिन्ही शब्द तेच आणि स्पेलिंगही तेच. कोणीही विचारलं नाही.

नाना_ठाणे

आडनाव आधी हा आपल्याकडचा जुना रिवाज, सगळ्या खात्यांना माहीत आहे. खरी अडचण स्पेलिंगची. पासपोर्टवर एक 'ए' जास्त, गुणपत्रिकेवर कमी, किंवा वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. तिथे दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं.

सदाफुली, तुमच्या बाबतीत पदवीवर लग्नाआधीचं नाव असणं यात चूक काहीच नाही. पदवी मिळाली तेव्हा तेच नाव होतं. पदवी बदलून घेण्याच्या फंदात पडू नका. लग्नाचं प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र जोडीला ठेवा. लग्नाचं प्रमाणपत्र परदेशात वापरायचं असेल तर त्याचंही अटेस्टेशन होतं, पण ते शिक्षण विभागाकडून नाही, वेगळ्या खात्यातून. पदवीच्या फायलीत घालू नका.

खाडीवारा

नानांशी एका बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. प्रतिज्ञापत्र भारतात पुरतं, पण इथे आल्यावर काही कंपन्यांच्या पीआरओंना, म्हणजे सरकारी कामं पाहणाऱ्या माणसांना, ते पुरत नाही. माझ्या अनुभवात, पासपोर्टमध्येच स्पेलिंग दुरुस्त करणं किंवा पासपोर्टवर पतीचं नाव नोंदवलेलं असणं जास्त कामाचं ठरलं आहे. पण यावर प्रत्येकाचा अनुभव निराळा, मी ठामपणे सांगत नाही.

नाना_ठाणे

तुमच्याकडचा अनुभव मला नाही, त्यामुळे मान्य. माझा संबंध विद्यापीठाच्या दारापर्यंतच.

मोगरा_नाशिक

एक अगदी छोटी गोष्ट. बहिणीची पदवी लॅमिनेट केलेली आहे. चालेल ना?

नाना_ठाणे

नाही चालणार. शिक्के कागदावर मारायचे असतात, प्लॅस्टिकवर शाई टिकत नाही आणि स्टिकरही. पण घरी इस्त्रीने किंवा गरम हवेने लॅमिनेशन काढायचा प्रयत्न करू नका. कागदाचा वरचा थर आणि सही दोन्ही प्लॅस्टिकला चिकटून येतात. जुन्या लोकांनी तर फ्रेम करून भिंतीवर टांगलेली पदवी आणलेली मी पाहिली आहे. लॅमिनेशन जाड असेल तर विद्यापीठाकडून दुय्यम प्रत घेणं शहाणपणाचं. वेळ लागेल, पण मूळ पदवीचं नुकसान होणार नाही. वकिलातीचा शिक्का झाल्यावरही लॅमिनेट करू नका, मोफाचं काम बाकी असतं.

लातूर७२

माझा मुलगा डिप्लोमा झालाय, एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा. त्याच्यासाठी विद्यापीठ कुठलं? आणि एवढं सगळं डिप्लोमाला लागतं का?

खाडीवारा

डिप्लोमाला विद्यापीठ नाही, पडताळणी एमएसबीटीई करतं. म्हणजे ज्याने प्रमाणपत्र दिलं त्यानेच. पुढची वाट मात्र तीच. बारावीचा दाखला असेल तर राज्य मंडळाचं ज्या विभागात परीक्षा दिली तिथलं विभागीय कार्यालय, तुमच्या बाबतीत लातूर.

लागतं की नाही हे पदावर ठरतं. यूएईमध्ये कामगार खातं कामांचे स्तर करतं. वरच्या दोन स्तरांना पदवी, त्याखालच्या दोनांना डिप्लोमा, पाचव्याला बारावीइतकं शिक्षण असं धरतात. मालक मुलाला तंत्रज्ञ म्हणून घेत असेल तर डिप्लोमा अटेस्ट हवा. साधा कामगार म्हणून घेत असेल तर कदाचित काहीच नको. म्हणून ऑफर लेटरवर पदाचं नाव काय लिहिलंय ते पाहा. पदवी असून डिप्लोमाच्या पदावर बोलावलं असेल तर काय अटेस्ट करायचं यावरही मालकाशी बोलावं लागतं, त्याचं एकच उत्तर नाही.

गिरणगाव

एजंटने दिलेलं अटेस्टेशन खरं की खोटं हे घरबसल्या कसं ओळखायचं? आमच्या चाळीतल्या एकाच्या कागदावर अपॉस्टिल आहे, पण तो आता घाबरलाय.

खाडीवारा

अपॉस्टिलच्या स्टिकरवर एक क्रमांक असतो. तो परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो, आणि त्यावरच्या तारखेशी जुळला पाहिजे. साध्या अटेस्टेशनच्या कागदाला मी वेगळीच युक्ती वापरतो. शिक्के तारखेनुसार वाचतो. विद्यापीठाची तारीख आधी, राज्याची नंतर, परराष्ट्र मंत्रालयाची त्यानंतर, असं वर चढत गेलं पाहिजे. परराष्ट्र मंत्रालयाची तारीख राज्याच्या आधीची दिसली तर तिथेच कागद बाजूला ठेवतो. कृष्णाकाठच्या पदवीवर आता परराष्ट्र मंत्रालयाचा जुना आणि नवा असे दोन्ही शिक्के दिसतील, त्यामुळे इथल्या मोफात कोणी विचारलं तर नव्या रांगेकडे बोट दाखवावं लागेल.

कृष्णाकाठ

शेवटची बातमी. वकिलातीचं काम झालं, आज सकाळी पदवी परत आली. मागच्या बाजूला आता सहा शिक्के आहेत, आणि नानांनी सांगितल्यामुळे जुन्या दोनांना हात लावलेला नाही. कंपनीला फोटो पाठवला. त्यांच्या पीआरओने दोन प्रश्न विचारले: परराष्ट्र मंत्रालयाचा जुना शिक्का का आहे, आणि विद्यापीठाचा शिक्का इतका नवा का. मी सगळी हकीकत ई-मेलने लिहिली, त्याला विद्यापीठाच्या पावतीची आणि मंत्रालयाच्या पावतीची प्रत जोडली. म्हणून सगळ्यांना सांगतो, प्रत्येक ठिकाणची पावती जपून ठेवा.

मुदत आणखी पाच दिवस बाकी आहे. पीआरओने उत्तर दिलेलं नाही अजून. खाडीवारा, हे उत्तर आलं नाही तर मोफासाठी मी स्वतः अर्ज करू शकतो का, की कंपनीच करणार?

खाडीवारा

तुम्हीही करू शकता, पण आधी कंपनीकडून लेखी घ्या की ते करत नाहीत. दोघांनी वेगवेगळा अर्ज केला तर १५० दिरहम दोनदा जातील. उद्या सकाळी त्यांना फोन लावा. दुबईत शनिवार-रविवारची सुटी धरूनच दिवस मोजा.

मोगरा_नाशिक

बहिणीची पदवी लॅमिनेशनसकट विद्यापीठात नेतेय परवा. काय म्हणतात ते लिहिते.